चाळीसवरून थेट पाच: कॅलिब्रेशन बिघडलं की सेल म्हातारा झाला?

अनघा_म
फोन तीन वर्षांचा आहे, बॅटरी मूळचीच. चाळीस टक्के दिसत असताना व्हिडिओ काढायला घेतला की आकडा धाडकन पाचवर येतो, कधी फोन बंदच पडतो. चार्जरला लावला की दोन मिनिटांत तीस दाखवतो. भाऊ म्हणतो कॅलिब्रेट कर, दुरुस्तीवाला म्हणतो सेल गेला. खरं कोणाचं?

गोट्या
भावाचं. बॅटरी खरंच संपली असती तर दोन मिनिटांत तीस टक्के आले कुठून? आकडा चुकतोय, बॅटरी नाही. मी तर बॅटरी नवी कोरी टाकून घेतली होती आणि तिच्यावरही हाच तमाशा. पन्नास दाखवायचा आणि गप्प व्हायचा. पूर्ण उतरवली, मग एका दमात शंभरपर्यंत भरली, तेव्हापासून शहाण्यासारखी वागतेय. आता नवा सेल म्हातारा होता असं कोणी म्हणणार असेल तर सांगा.

श्रीरंग
मागे चालणारे ॲप्स बंद करा, लोकेशन बंद ठेवा, ब्राइटनेस कमी करा. माझी बॅटरी आता रात्रीपर्यंत आरामात जाते.

अनघा_म
श्रीरंग, बॅटरी लवकर उतरते अशी माझी तक्रार नाहीच. शंभरपासून चाळीसपर्यंत ती व्यवस्थित चालते. मधले पस्तीस टक्के एका क्षणात कुठे जातात, ते हवंय.

सोल्डरवाला
गोट्याचा किस्सा खराच असणार. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये टक्के मोजणारी चिप बॅटरीत नसते, फोनच्या बोर्डावर असते. बॅटरी बदलली तरी त्या चिपकडे जुन्या बॅटरीचाच हिशेब राहतो, आणि तिथे पूर्ण भरण्या-उतरवण्याची एक फेरी कामाला येते. पण अनघाने बॅटरी बदललेली नाही. तिच्या प्रश्नात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: व्हिडिओ आणि चार्जर.

व्हिडिओ सुरू झाला की कॅमेरा, प्रोसेसर, स्क्रीन सगळे एकदम करंट ओढतात. सेल जुना होतो तसा त्याच्या आतला रेझिस्टन्स वाढतो, आणि करंट जितका जास्त तितकं व्होल्टेज आतल्या आतच खर्ची पडतं. टाकीत पाणी आहे, पण नळ गंजलाय. व्होल्टेज खालच्या मर्यादेजवळ गेलं की सॉफ्टवेअर आकडा खाली ओढतं, नाहीतर फोन सरळ बंद करतं. भार गेला की व्होल्टेज परत वर येतं. ते तीस टक्के दोन मिनिटांत भरले गेले नाहीत, ते आतच होते.

आयफोन 6s चं प्रकरण आठवा. ते फोन शिल्लक दाखवत असताना अचानक बंद पडायचे. ॲपलने जानेवारी 2017 मध्ये iOS 10.2.1 मधून जुन्या बॅटरीच्या फोनचा कमाल भारच कमी केला आणि बंद पडणं बरंच घटलं. पुढे डिसेंबरमध्ये त्यावरून माफी मागावी लागली ती न सांगता फोन हळू केला म्हणून. पण उपाय काय होता ते पाहा. टक्क्यांना कोणी हात लावला नव्हता, करंटला लावला होता.

गोट्या
मग ती चिप पगार कसला खाते? रेझिस्टन्स वाढलाय हे तिला कळत नसेल तर चूक तिचीच ना? म्हणजे परत कॅलिब्रेशनच आलं.

कावेरी_फ
गोट्याने उगाच म्हटलं असेल, पण मुद्दा चांगला आहे. मी बॅटरी मोजणाऱ्या फर्मवेअरवर काम करते, आणि "सेल म्हातारा, विषय संपला" हे मला पटत नाही.

चिप दोन प्रकारे हिशेब ठेवते. एक, आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याची सतत बेरीज-वजाबाकी. यात बारीक चूक साचत जाते. म्हणून दुसरं, फोन निवांत पडलेला असताना व्होल्टेज बघून ती आपला आकडा सुधारून घेते. अडचण अशी की मधल्या टप्प्यात व्होल्टेज फार हळू बदलतं. तिथे चिपला 35 आणि 45 मधला फरक नीट ओळखता येत नाही. तुम्ही रोज तीस ते ऐंशीच्या मध्येच भरत-वापरत असाल तर चिपला खात्रीची जागा सापडतच नाही, आणि बॅटरीची एकूण क्षमता किती उरली हेही ती नव्याने शिकत नाही.

आता आकडे घालून बघा. बॅटरी मूळ 4000 एमएएचची. झिजून झिजून खरी क्षमता उरलीय 2550, पण चिप अजून 4000 धरून बसलीय. शंभरपासून 2400 वापरलेत, तर स्क्रीनवर दिसणार 40 टक्के. आत खरे उरलेत 150, म्हणजे सहा टक्के. तेवढ्यात व्होल्टेज घसरणीच्या टोकाला येतं, चिपला एकदम जाग येते आणि आकडा पाचवर उडी मारतो. इथे उडी मारायला लावली चिपच्या जुन्या समजुतीने. कॅलिब्रेट केलंत तर उडी बंद होईल. बॅटरी मात्र 2550 चीच राहील, आकडा फक्त पहिल्यापासून भराभर उतरेल.

सोल्डरवाला
हे मान्य. पण तुमच्या उदाहरणात आत खरोखर काही उरलेलं नाही, तर अनघाचा फोन चार्जरला लावताच तीस दाखवतो. दोन्ही प्रकार स्क्रीनवर सारखेच दिसतात. वेगळे ओळखायचे तर उडीनंतरचं व्होल्टेज बघायचं, तेही चार्जर न लावता. अनघा, लॅपटॉपवर adb असेल तर हे तीनदा चालव: व्हिडिओच्या आधी, आकडा पडला की लगेच, आणि फोन अर्धा तास तसाच ठेवून.

```
adb shell dumpsys battery
```

केबल लावली की फोन चार्ज होऊ लागतो आणि सगळी मापं बिघडतात, म्हणून आधी वायफायवरून adb जोडून घे. level, voltage आणि temperature या तीनच ओळी इथे टाक. करंट दाखवणारं एखादं ॲप असेल तर व्हिडिओ चालू असतानाचा करंटही बघून ठेव.

अनघा_म
केलं. चार्जर, केबल काहीच लावलेलं नव्हतं.

```
आधी:          level: 41  voltage: 3786  temperature: 271
पडल्यावर:       level: 6   voltage: 3310  temperature: 334
अर्ध्या तासाने:   level: 5   voltage: 3742  temperature: 283
```

व्हिडिओ चालू असताना ॲपवर साधारण 1700 मिलीअँपिअर दिसत होते. आणि मला कळेना ते हे: अर्ध्या तासाने व्होल्टेज जवळजवळ आधीइतकं झालं, तरी आकडा पाचच कसा?

सोल्डरवाला
वापर चालू असताना टक्के वर चढताना दिसले तर लोक गोंधळतात, म्हणून बऱ्याच फोनमध्ये चार्जर लागेपर्यंत आकडा वाढूच देत नाहीत. चार्जर लावलास की ती अडवणूक सुटते आणि लपलेले तीस बाहेर येतात. तुझा चार्जर दोन मिनिटांत जादू करत होता ती हीच.

आता हिशेब. 3.786 मधून 3.310 गेले, 0.476 व्होल्ट पडले. भागिले 1.7 अँपिअर, म्हणजे 0.28 ओहम. नव्या फोनमध्ये हे 0.1 च्या आसपास किंवा त्याच्या खाली मिळायला हवं. आणि निवांत असताना 3.74 व्होल्ट म्हणजे सेल रिकामा नाही. कावेरीच्या उदाहरणातला सहा टक्क्यांवरचा सेल अर्ध्या तासाने इतका वर आला नसता. तापमान 27 अंश होतं, तेव्हा थंडीलाही दोष देता येत नाही. सेल बदल.

कावेरी_फ
रेझिस्टन्स वाढलाय यात वाद नाही. पण 0.28 सगळा सेलचाच कशावरून? बॅटरीपासून बोर्डापर्यंत कनेक्टर आहे, पॅकमध्ये सुरक्षा सर्किट आहे. कनेक्टर सैल झाला असेल किंवा त्याच्यावर गंज चढला असेल तरी हुबेहूब असेच आकडे येतील, आणि नवी बॅटरी टाकूनही फोन तसाच वागेल. फोन पडला होता का, पाण्यात गेला होता का, हे आधी विचारायला हवं.

आणि गोट्याचा प्रश्न अजून उभाच आहे. चांगली चिप वाढलेला रेझिस्टन्स स्वतः मोजते आणि त्या हिशेबाने आकडा आधीपासून खाली ठेवते. तसं झालं असतं तर चाळीसच्या जागी कदाचित वीस दिसले असते, आणि उडी इतकी अंगावर आली नसती. सेल म्हातारा आहे म्हणून व्होल्टेज पडतं. पण तुम्हाला धक्का बसतो तो चिपने ते गृहीत न धरल्यामुळे.

सोल्डरवाला
वीस दाखवून काय साधलं असतं? मेसेज वाचणाऱ्याला खरंच चाळीस मिळतात, व्हिडिओवाल्याला पाच. एकाच वेळी दोघांना खरा वाटेल असा आकडा कोणती चिप दाखवणार?

कावेरी_फ
त्यावर आमच्याकडेही एकमत नाही. मी नेहमीच्या भाराच्या बाजूची आहे, शेजारच्या टेबलावरचे सगळ्यात वाईट भाराच्या.

अनघा_म
फोन गेल्या वर्षी जिन्यावरून पडला होता, पण पाण्यात कधी गेला नाही. पाठ फुगलेली दिसत नाही. मग आधी कनेक्टर बघायला सांगू?

सोल्डरवाला
हो. बॅटरी बदलायला फोन उघडावाच लागतो, तेव्हा कनेक्टर काढून, साफ करून, दाबून बसवायला सांग. जुन्याच बॅटरीवर तिथल्या तिथे व्हिडिओ लावून voltage बघायचं. 3.3 च्या जागी 3.6 च्या आसपास राहिलं तर नवी बॅटरी घेऊच नको.

गोट्या
आणि batterystats.bin नावाची फाईल उडवून बघ. रूट लागेल, पण कॅलिब्रेशन म्हणजे तेच.

कावेरी_फ
ती फाईल फक्त कोणत्या ॲपने किती बॅटरी खाल्ली याची नोंद ठेवते. टक्क्यांशी तिचा संबंध नाही. अँड्रॉइडवर काम करणाऱ्या डायॅन हॅकबॉर्न यांनी 2012 मध्येच हे जाहीरपणे सांगितलं होतं.

गोट्या
असू दे. पण पूर्ण फेरी करून बघायला काय जातं?

कावेरी_फ
काही जात नाही, नीट केली तर. लोक करतात ते उलटं. बॅटरी लवकर संपावी म्हणून गेम आणि टॉर्च लावतात. अनघाच्या सेलवर तसं केलं तर फोन तीस टक्के आत असतानाच बंद पडेल आणि ही फेरी चिपला निरुपयोगी ठरेल, किंवा ती तीच रिकामी पातळी समजेल. शंभर झाल्यावर दोनेक तास चार्जरवरच राहू दे. मग एअरप्लेन मोड, मंद स्क्रीन, आणि सावकाश उतरू दे. बंद पडला की पाचेक तास हात लावू नकोस, मग न थांबता पूर्ण भर. महिन्यामहिन्याला हा उद्योग करायचा नाही, इतकं खाली उतरवणं सेलला मानवत नाही.

फेरी झाल्यावर चाळीसला तोच व्हिडिओ लाव आणि voltage इथे टाक. आकडा सावकाश उतरूनही व्होल्टेज 3.3 लाच गेलं, तर फेरीने फक्त स्क्रीनवरचा आकडा सुधारला. मग प्रश्न कनेक्टर की सेल एवढाच उरतो, आणि तो फोन उघडल्याशिवाय सुटायचा नाही.

श्रीरंग
पण लोकेशन बंद ठेवायला काय हरकत आहे?