मदत हवी आहे: ताईला विम्याचे पैसे मिळालेत, घरखर्चासाठी कसे ठेवावेत?

धाकटी_पाती: भावजी जाऊन चार महिने झाले. ताई 48 वर्षांची. कर्ज नाही, मुलगी कमावती आहे, पण ताईला स्वतःचं उत्पन्न नाही. विम्याची रक्कम 100 धरली तर तिचा वर्षाचा खर्च 4 आहे. मुदत ठेवीवर वर्षाला 6 मिळतात. एजंट म्हणतो, सगळी रक्कम एकदम भरा, आजन्म वर्षाला 7 पेन्शन. ताईला फक्त बचत खातं कळतं. सरळ 7 घ्यावेत का?

उंबरठा: क्लेम अडकला असेल तर आधी लेखी तक्रार करा.

धाकटी_पाती: नाही हो, पैसे आलेत. ठेवायचे कसे, हा प्रश्न आहे.

सरळमार्गी: पेन्शनच घ्या. 6 पेक्षा 7 जास्त, आणि मरेपर्यंत कटकट नाही.

जुना_खतावणीकार: कटकट नाही हे खरं, पण हे 7 म्हणजे व्याज नव्हे. त्यात तिचंच मुद्दल थोडं थोडं परत येतं, म्हणून आकडा मोठा दिसतो. शिवाय तो कायम 7च राहणार. महागाई 5 टक्के धरली तर आजचा 4 चा खर्च बाराएक वर्षांत 7 वर जाईल, आणि मोडायला ठेव हाताशी नसेल.

ठेवींचं गणित असं: व्याज 6, त्यातले यंदा 4 काढायचे, पुढे दरवर्षी 5 टक्के जास्त. रक्कम साधारण 30 वर्षं पुरते. तेच पहिल्या वर्षापासून 6 काढले तर जेमतेम 19. म्हणजे उरलेले 2 ही चैन नाही, म्हातारपणाची सोय आहे. यात कर धरलेला नाही.

रचना सोपी ठेवा. वर्षाचा खर्च बचत खात्यात. उरलेल्याचे पाच समान भाग करून 1, 2, 3, 4 आणि 5 वर्षांच्या ठेवी. दरवर्षी एक ठेव पिकते, त्यातून वर्षभराचा खर्च काढायचा आणि बाकी पुन्हा 5 वर्षांसाठी ठेवायची. दर पडले तरी एका वेळी पाचव्या भागालाच झळ. ठेव-विम्याला मर्यादा असते, म्हणून एकाच बँकेत सगळं नको.

माळ्यावरची_पेटी: माझ्याकडे हे पैसे आले तेव्हा दीराने धंद्याला मागितले. दिले. व्याज तीन महिने आलं, मग फोनच बंद. आता कोणी मागितलं की सांगते, सगळं ठेवीत अडकलंय.

सरळमार्गी: पण 78 नंतर काय? पेन्शन तेव्हाही चालू असते.

जुना_खतावणीकार: मुद्दा बरोबर आहे. म्हणून पासष्टीनंतर थोड्या भागाची पेन्शन घ्यावी. त्या वयात त्याच पैशात सहसा जास्त मिळते.

धाकटी_पाती: आणि शेअर फंडात 10-15 टाकले तर?

जुना_खतावणीकार: महागाईला उपाय म्हणून मी टाकले असते. पण भाव तिसऱ्या हिश्श्याने पडला तर ताई विकायला धावेल का, हे तुम्हीच तिला विचारा.

धाकटी_पाती: विचारलं. म्हणाली, "आधी एक ठेव पिकू दे, मग बघू."