एक नाव वगळलं आणि पहिला नंबर बदलला. चूक कोणाची?

खजिनदार, फोंडा
आमच्या गावातल्या वाचनालयातर्फे सातवीच्या एका मुलाला दरवर्षी शिष्यवृत्ती देतो. यंदा दोन चाचण्या होत्या, गणित 100 गुणांचं आणि मराठी लेखन 20 गुणांचं. दोन्ही सारख्या मापात याव्यात म्हणून प्रत्येक चाचणीत सर्वांत कमी गुणांना 0 टक्के, सर्वांत जास्त गुणांना 100 टक्के धरलं आणि दोन्हींची सरासरी काढली. शुक्रवारी 23 मुलांची यादी लागली, त्यात 'अ' पहिला. मग एक मुलगा आठवीतला निघाला, म्हणून त्याचं नाव काढलं. रविवारच्या यादीत 'ब' पहिली! दोघांचे गुण जसेच्या तसे आहेत. आता गावात कुजबूज सुरू झालीय. आमचं काय चुकलं?

बोरीचा पोरगा
काही चुकलेलं नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही हेच करतो. 20 ची चाचणी आणि 100 ची चाचणी अशीच बेरजेला घेतली तर मोठी चाचणी छोटीला गिळून टाकते. 0 ते 100 मध्ये बसवलं की दोघींचं वजन सारखं होतं. नाव काढल्यावर आकडे बदलणारच, सूत्रच तसं आहे. रविवारची यादी लावा आणि मोकळे व्हा.

साखळीची आई
शून्य टक्के म्हणजे काय ते मला आधी सांगा. आमच्याकडच्या एका स्पर्धेत माझ्या मुलाला 20 पैकी 14 पडले, आणि कागदावर लिहून आलं '0%'. पोर दोन दिवस जेवलं नाही. घरच्यांना वाटलं, पेपर कोराच दिला. 14 ला शून्य म्हणणारं गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

गणिताचे निवृत्त मास्तर, म्हापसा
बाई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण राग रास्त आहे. त्या शून्याचा अर्थ 'या घोळक्यात सर्वांत खाली' एवढाच. 'काहीच आलं नाही' असा नाही. असा आकडा समितीच्या वहीत राहू द्यावा, मुलाच्या हाती देऊ नये. दिलाच तर टक्क्याचं चिन्ह तरी काढावं.

खजिनदार, अ, ब आणि वगळलेल्या मुलाचे गुण द्याल का? दोन्ही चाचण्यांतले सर्वांत कमी आणि जास्त गुणही सांगा. शीटमधलं सूत्रही टाका.

खजिनदार, फोंडा
अ: गणित 84, मराठी 15. ब: गणित 60, मराठी 17. वगळलेला: गणित 51, मराठी 5. गणितात 34 ते 88. मराठीत त्या मुलाचे 5 सोडले तर बाकी सगळे 14 ते 17. सूत्र हे:

```
=(B2-MIN(B$2:B$24))/(MAX(B$2:B$24)-MIN(B$2:B$24))*100
```

गणिताचे निवृत्त मास्तर, म्हापसा
आता चोर सापडला. त्याची ओळ काढल्याबरोबर शीटने MIN नव्याने शोधला. गणितात फरक पडला नाही, कारण 51 मधले गुण होते. मराठीत मात्र तळ 5 वरून 14 वर आला.

शुक्रवारी मराठीची रुंदी 17 वजा 5, म्हणजे 12 होती. अ चे 15 गुण तळापासून 10 वर, म्हणून 83.33. गणितात त्याचे 92.59. सरासरी 87.96. ब ला मराठीत 100, गणितात 48.15, सरासरी 74.07.

रविवारी रुंदी उरली 3. अ चे तेच 15 गुण आता तळापासून फक्त 1 वर, म्हणून 33.33. सरासरी कोसळून 62.96. ब मात्र 74.07 वरच, कारण 17 हे दोन्ही दिवशी सर्वांत वरचे. म्हणजे ब वर चढली नाही, अ च्या पायाखालची पायरी काढली गेली.

बोरीच्या पोरा, तू अर्धा बरोबर आहेस. रुंदी सारखी होते, वजन नाही. शुक्रवारी त्या एका 5 मुळे बाकी सगळी मुलं मराठीत 75 ते 100 मध्ये दाटीवाटीने बसली होती, त्यामुळे मराठी जवळजवळ मुकी होती. रविवारी मराठीचा एक गुण 33.33 टक्क्यांचा झाला आणि गणिताचा 1.85 चा. लेखनातला एक गुण म्हणजे गणितातले 18 गुण! असा भाव तुमच्या समितीने कधी ठरवला होता का? तो ठरवला आठवीतल्या एका पोराच्या उत्तरपत्रिकेने.

बोरीचा पोरगा
एका गुणाला 18? हे मी कधी मोजून बघितलंच नव्हतं. मग मुलांचे किमान-कमाल न घेता पेपरचेच घ्यायचे, 0 ते 20 आणि 0 ते 100. कोणी आला, कोणी गेला, आकडा हलणार नाही. अ ला 84 आणि 75, सरासरी 79.5. ब ला 60 आणि 85, म्हणजे 72.5. अ पहिला. मिटलं.

मराठीची शिक्षिका, पेडणे
तुमचं मिटलं, आमचं नाही. तुमच्या या हिशेबात गणित 34 ते 88 असं मोकळं धावतं आणि मराठीची सगळी मुलं 70 ते 85 मध्ये. निकाल गणितच ठरवणार, मराठी नुसती शोभेला. ब ने सर्वांत चांगलं लिहिलं, त्याची किंमत अ पेक्षा फक्त 10 टक्के जास्त? गणितात मात्र अ ला 24 टक्क्यांची आघाडी. मला तरी रविवारची यादी जास्त न्यायाची वाटते.

गणिताचे निवृत्त मास्तर, म्हापसा
बाई, 15 आणि 17 मध्ये खरंच लेखनाचा एवढा फरक होता, की तपासणाऱ्याचा हात त्या दिवशी आखडता होता? 14 ते 17 मध्येच सगळे बसवणाऱ्याचा एक गुण इकडेतिकडे सहज होतो. ती एका गुणाची चूक तुम्ही 33 टक्क्यांपर्यंत ताणताय. अरुंद चाचणी ताणली की तिच्यातला गोंधळही ताणला जातो.

मराठीची शिक्षिका, पेडणे
आणि गणिताच्या पेपरात गोंधळ नसतो का? पण हो, हात आखडता असतो हे मान्य. निबंधाला 20 पैकी 18 देताना आम्हालाच चोरी केल्यासारखं वाटतं.

मडगावकर
जेईई मेनसारखं पर्सेंटाइल काढा की! 2019 पासून तिथे तेच चालतं.

गणिताचे निवृत्त मास्तर, म्हापसा
तिथे लाखो मुलं आणि वेगवेगळ्या सत्रांतले पेपर असतात. इथे 22 मुलं, मराठीत चारच आकडे. निम्मा वर्ग एकाच गुणावर अडकलेला असेल, क्रम लावणार कशाचा? आणि सरासरीपासूनचं अंतर प्रमाण विचलनाने मोजलं तरी नाव काढल्यावर तेही हलतंच. फक्त ते दोन टोकांवर लटकत नाही, सगळ्यांचे गुण बघतं.

खजिनदार, पुढच्या वर्षी चाचणीआधी लिहून ठेवा की कुठले किमान-कमाल घेणार. आणि प्रत्येक चाचणीखाली एक आकडा काढा: 100 भागिले रुंदी. एकीकडे 33 आणि दुसरीकडे 2 दिसले, तर यादी लावण्याआधी थांबा.

खजिनदार, फोंडा
पुढच्या वर्षीचं कळलं, मास्तर. यंदाचं काय? आता कुठलीही पद्धत घेतली तरी तिने कोण जिंकतं हे अख्ख्या गावाला पाठ आहे. शिष्यवृत्ती एकच, आणि दोघांचे बापूस समितीतल्याच लोकांबरोबर भजनाला बसतात.

मराठीची शिक्षिका, पेडणे
लेखनाचे कागद परत तपासून घ्या. सगळे 22, नुसते दोन नव्हेत. विषय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन असे प्रत्येकी 5 गुण पाडा, म्हणजे हात मोकळा होईल. फक्त तुमच्या गावातला कोणी नको, अक्षरावरून पोर ओळखेल.

बोरीचा पोरगा
आणि तेव्हाही तळ 14 च निघाला तर?

खजिनदार, फोंडा
तो प्रश्न मी रविवारच्या बैठकीत ठेवणार आहे. कागद कपाटात कुलूपबंद आहेत. पेडण्याच्या बाई, तुम्ही तपासाल का?

मराठीची शिक्षिका, पेडणे
मी इथे एवढी ब ची बाजू घेतल्यावर? माझ्याकडे नको.