मदत हवी आहे: लाजऱ्या काजव्याच्या गोष्टीचा शेवट जमत नाहीये

ठाण्यात राहतो आम्ही, लेक चार वर्षांची आहे, रोज झोपताना नवीन गोष्ट लागते. सध्या मिणू नावाच्या लाजऱ्या काजव्याची रचतेय. येऊरचं जंगल, पाऊस सुरू व्हायच्या आधीचे दिवस. मिणू पहिल्यांदा रस्त्यावरच्या दिव्याखाली लुकलुकतो, पण त्या झगमगाटात कोणाला दिसतच नाही, मग त्याला वाटतं आपला उजेडच फालतू आणि तो पानाखाली जाऊन बसतो. इथपर्यंत मस्त चाललंय, कारण खऱ्या काजव्यांनासुद्धा दिव्यांचा त्रास होतोच, एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

पुढे आजी काजवी त्याला अंधाऱ्या झाडाकडे नेते आणि सांगते, आधी नुसतं बघ, समोरचा चमकला की थांब, एक-दोन मोज, मग तू. हे मोजणं लेकीला जाम आवडतं, माझ्याबरोबर हळू आवाजात मोजते.

अडलंय ते इथे. मी शेवटी अख्खं झाड एकदम चमकवलं तर बाईसाहेब टुणकन उठून बसल्या, "परत कर, परत कर", झोप गेली उडत! म्हणजे शेवट शांत हवा. मोजणं हळूहळू लांबवत नेऊ का, एक-दोन, मग एक-दोन-तीन, असं? की मिणूने फक्त एकाच काजव्याला उत्तर द्यावं? आणि तो बोलला कसा दाखवू, की नुसता चमकूनच? कोळी, बेडूक वगैरे नकोत प्लीज, घाबरते ती. कोणी अशी गोष्ट सांगितली असेल तर शेवटची चार वाक्यं तरी लिहून द्या ना.