मदत हवी आहे: क्लास एबी ॲम्प्लिफायरचा बायस गरम झाल्यावर वाढतो

टीआयपी41सी आणि टीआयपी42सी ही पुश-पुल जोडी, ±15 व्होल्ट सप्लाय, 8 ओहमचा स्पीकर. पुढे ऑप-ॲम्प आहे आणि फीडबॅक स्पीकरच्या टोकावरून घेतला आहे.

आधी बायस न देता, म्हणजे शुद्ध क्लास बी चालवून पाहिलं. बेसवर साधारण 0.6 व्होल्ट आल्याशिवाय एकही ट्रान्झिस्टर चालू होत नाही, त्यामुळे शून्यापाशी दोघेही बंद. 1 किलोहर्ट्झला फीडबॅक ते झाकतो, पण 10 किलोहर्ट्झला स्कोपवर खाच स्पष्ट दिसते. आवाज बारीक केला की तानपुरा खरखरतो, मोठा केला की कळत नाही.

मग दोन 1एन4007 डायोड आणि त्यांच्या सिरीजमध्ये प्रीसेट लावला. 0.22 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर 20 मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे 90 मिलिॲम्पिअर ठेवल्यावर खाच गेली. पण दहा मिनिटांत तेच 60 मिलिव्होल्ट झाले आणि वाढतच होते, म्हणून बंद केलं. डायोड पीसीबीवर आहेत, हीटसिंकपासून लांब.

क्लास ए नको. 12 व्होल्ट पीकसाठी 0.75 ॲम्पिअर सतत वाहता ठेवावा लागेल, म्हणजे गाणं नसतानाही 22 वॉट उष्णता. क्लास बी त्याच पातळीला सुमारे 63 टक्के कार्यक्षमता देतो, ती फारशी गमवायची नाही.

डायोड हीटसिंकला चिकटवणं पुरेल, की बीडी139 चा व्हीबीई मल्टिप्लायर तिथे बसवावाच लागेल? आणि 20 मिलिव्होल्ट थंड असताना सेट करायचे की गरम झाल्यावर?