मदत हवी आहे: सीपीएमच्या गणितात दबाईचा फ्लोट माझा ३ येतोय, पुस्तकात १

जालन्याचा_पोरगा: सोमवारी ऑपरेशन्सचा पेपर आहे आन हे एकच गणित जमंना. शेततळ्याचं आहे. आधी आखणी २ दिवस. आखणीत माप कळलं की कागद मागवायचा, तो यायला १२ दिवस. तिकडं आखणीनंतर लगेच खोदाई ६, मग उताराची दबाई ३, दबाईनंतर कुंपण ४. कागद अंथरायला २ दिवस, पण त्याला दबाई पण झालेली पाहिजे आन कागद पण आलेला पाहिजे. अंथरणं आन कुंपण दोन्ही झालं की पाणी भरणं ३. एकूण १९ दिवस, आखणी-कागद-अंथरणं-पाणी क्रिटिकल, इथवर जुळतंय. मग दबाईचा फ्लोट १ कसा काय?

सोपं_करा: कागद सगळ्यात मोठं काम, १२ दिवसांचं, म्हणून तेच क्रिटिकल. बाकीच्याला फ्लोट असतोच, ३ बरोबर वाटतंय.

शेतकरी_परतूर: अनुदान मिळालं का पण? आमच्याकडं कागद येऊन पडला आन पोकलेनच आठ दिवस मिळाला नव्हता.

साइटवरचा_माणूस: पोरा, तू गँट चार्ट काढून त्यावर बोट ठेवलंस ना? दबाईची पट्टी ११ ला संपते, अंथरायची १४ ला सुरू होते, मधी ३ दिवस रिकामे दिसतात. पण दबाईवर कुंपण पण थांबलंय, अन् पट्ट्यांमधी बाण नसले की ते दिसतच नाही. उलटं मोजत ये. पाणी १६ ला सुरू झालंच पाहिजे, म्हणून कुंपण उशिरात उशिरा १२ ला, अंथरणं १४ ला. दबाई या दोघांच्या आधी संपायची, म्हणजे लेट फिनिश १२. तू १४ धरलास. मागं येताना लहान आकडा घ्यायचा. १२ वजा ११, फ्लोट १.

आन सोपं_करा, मोठं काम म्हणून क्रिटिकल असं नसतंय. वरच्या शेतकऱ्यासारखा इथं पोकलेन २ दिवस अडकला आन खोदाई ८ वर गेली, तर २+८+३+४+३, २० दिवस. मग खोदाईची लाइन क्रिटिकल, आन १२ दिवसांच्या कागदालाच १ दिवस फ्लोट.

जालन्याचा_पोरगा: आयला व्हय की! मग खोदाईला १, दबाईला १, कुंपणाला १, असे मिळून ३ दिवस उशीर चालंल ना?

साइटवरचा_माणूस: नाही रे. तिघात मिळून तो एकच दिवस. खोदाईनं खाल्ला की दबाई अन् कुंपणाला शून्य. चार्टवर पण कुंपणाची पट्टी १५ ला संपते, पाणी १६ ला, तेवढीच एक जागा मोकळी.

सोपं_करा: बरं मान्य. पण कागदाचे १२ दिवस कुरिअरवाल्याचे, म्हणजे रविवार धरून, आन खोदाईचे ६ मजुराचे, रविवार सोडून. मग हे १९ नेमके कुठले दिवस?

साइटवरचा_माणूस: गणितात लिहिलं नसंल तर सगळे सारखेच धर. साइटवर यावरूनच भांडणं होतेत.

शेतकरी_परतूर: अनुदानाचं कुणी सांगा की राव.