गाऊटचा पथ्याचा कागद : तुमचे अनुभव सांगा

शहापूरकर, बेळगाव
यंदा शेजारच्या गावची लक्ष्मी यात्रा ठरल्याचे कळले आणि मागच्या यात्रेनंतरची ती रात्र आठवली. पाहुण्यांकडे मटण, वजडी, रस्सा आणि सोबत बिअर झाली होती. पहाटे उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा जांभळट होऊन सुजला आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर काळीज, भेजा, मटण, तारली, बांगडा, कोळंबी, दारू आणि बाटलीतली गोड पेये कमी करावीत असे होते. झटका आल्यास पाय उंच ठेवून विश्रांती घ्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाणी भरपूर प्यावे आणि झटक्याची गोळी पहिल्या दिवसातच सुरू करावी, असेही होते. ‘रोजची गोळी झटका चालू असताना थांबवू नये’ ही ओळ मात्र मला पटली नव्हती. तुमच्या कागदावर काय आहे आणि प्रत्यक्षात काय उपयोगी पडले, ते लिहावे.

खानापूरचे काका
माझ्या जुन्या कागदावर तूर, मसूर, पालक, टोमॅटो सारेच बंद आहे. मी आमटी सोडली, भाकरीशी नुसते ताक घेतो. तरीही यूरिक ॲसिड नऊच्या खाली येत नाही. पथ्य खरे असेल तर असे का व्हावे?

निपाणी, औषध दुकान
काका, ताक सोडू नका, आमटी मात्र पुन्हा सुरू करा. डाळी आणि पालक यांत प्युरिन, म्हणजे ज्याचे शरीरात यूरिक ॲसिड होते तो घटक, असते, परंतु त्यांनी झटके वाढतात असे अभ्यासांत दिसलेले नाही. मटण, मासळी आणि बिअर यांबाबत ते दिसते. दुसरे असे की पथ्याने यूरिक ॲसिड साधारण एका अंकाने उतरते. नऊचे सहाच्या खाली आणायचे असेल तर बहुतेकांना ॲलोप्युरिनॉलसारखी रोजची गोळी लागते.

शहापूरकर, ती ओळ बरोबर आहे. रोजची गोळी वेदना शमवत नाही, म्हणून लोक झटक्यात ती निरुपयोगी समजून सोडतात. मग पातळी वरखाली होते आणि दुखणे लांबते. गोळी नव्याने सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात, कारण सांध्यात साचलेले यूरिक ॲसिडचे खडे विरघळू लागतात. म्हणूनच डॉक्टर ती कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात आणि सोबत कोल्चिसिन या झटक्याच्या गोळीची छोटी मात्रा देतात.

चिक्कोडीच्या वहिनी
आमच्या मामंजींचा घोटा सुजला, त्या दिवशीचा रिपोर्ट ६.२ आला आणि ‘हे गाऊट नव्हे’ असे ठरले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासले, तर ८.९. ऐन झटक्यात रक्तातली पातळी उतरू शकते, असे त्यांनी समजावले. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्याही पाहिल्या. लघवी वाढवणारी एक गोळी यूरिक ॲसिड अडकवून ठेवत होती. ती बदलून लोसार्टन दिले. मामंजी मांसाहार करत नाहीत, तरीही घरात सगळे मटणालाच दोष देत होते!

चंदगडकर
कागदावर बिअर आहे, फेणीचे नाव नाही. म्हणजे फेणी चालते का? आणि माझे गुडघे जिना चढताना कित्येक वर्षे दुखतात, त्यासाठी मी मटण सोडू का?

निपाणी, औषध दुकान
दादा, फेणीही मोजावी लागते. दारू कुठलीही असो, यूरिक ॲसिड वाढते, फक्त बिअरमध्ये स्वतःचे प्युरिनही असते. जिन्यावरच्या वर्षानुवर्षांच्या दुखण्याचे कारण बहुधा झीज असते. गाऊट एका रात्रीत भडकतो. तरी एकदा दाखवून घ्या.

शहापूरकर, बेळगाव
झटक्यात कोल्चिसिन किती घ्यावे? मित्राने तासातासाला एक घेतली, जुलाब लागून तो खाटेला खिळला.

निपाणी, औषध दुकान
ती जुनी पद्धत. आता ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि तासाभराने एक, त्या दिवशी एवढेच देतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. पोटात व्रण असेल, मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वेदनाशामकेही मनाने घेऊ नयेत.

खानापूरचे काका
आमची आई गरम मिठाची पुरचुंडी लावत असे.

चिक्कोडीच्या वहिनी
काका, मामंजींना शेकाने ठणका वाढला, बर्फाने उतरला. मात्र सुजेबरोबर थंडी-ताप आला तर घरी थांबू नका. सांध्यात पू झाला असेल तरी तो तसाच लाल दिसतो आणि त्याच दिवशी सांध्यातले पाणी काढून तपासावे लागते. आता मला विचारायचे आहे : मामंजी एकादशीला पाणीही घेत नाहीत आणि द्वादशीला हमखास पाय धरतो. उपास पूर्ण सोडायला सांगावे, की पाणी प्यायले तर भागते? तुमच्याकडे कुणी करून पाहिले आहे का?