मदत हवी आहे: आबांना अचानक दवाखान्यात न्यायचं झालं तर सोबत काय न्यावं, काय सांगावं?

केजकर_पोरगा
आमचे आबा ७४ वर्षांचे. मागच्या महिन्यात सकाळी सहाला आई उठवायला गेली तर तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं जड. १०८ ला फोन केला. साडेसातला इमर्जन्सीत पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, सहापासून. "गोळ्या कोणत्या?" मी म्हणालो, बीपीची अन् रक्त पातळ करायची. गोळ्या घरीच राहिल्या होत्या. रक्त पातळ करायची म्हटल्यावर सगळे थबकले. धाकट्याला फोन केला, त्यानं पट्टीचा फोटो पाठवला, तर नाव छापलेला भाग कापून गेलेला! शेवटी मेडिकलवाल्याकडून कळलं की ती इकोस्प्रिन होती. आठ वाजून गेले होते. इंजेक्शन मिळालं, आबा आता काठी धरून चालतात, पण ती चाळीस मिनिटं डोक्यातून जात नाहीत. घरात कागद करून ठेवायचाय. त्यात काय लिहू?

गोदाकाठ
आयुष्मान कार्ड, आधार, रेशनकार्ड एका पिशवीत ठेवा. आमचं दोन दिवस त्यातच गेलं होतं.

केजकर_पोरगा
दादा, कार्डं होती. मी डॉक्टरांना काय सांगायचं ते विचारतोय.

ड्युटीवाली_ताई
मी कॅज्युअल्टीत ड्युटी करते, म्हणून दोनच गोष्टी सांगते.

पहिली, वेळ. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, अन् ते तास 'आम्हाला कधी दिसलं' इथून मोजत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून मोजतात. सहाला दिसलं म्हणजे सहाला झालं असं नाही. तुमच्याकडं कुणी विचारलं का, रात्री आबा उठले होते का म्हणून?

केजकर_पोरगा
हो, तिथल्या डॉक्टरांनी आईला बाजूला बसवून हेच विचारलं. आधी ती म्हणाली, साडेदहाला झोपले. मग आठवलं, चारला लाईट आली म्हणून आबा मोटार चालू करून आले, अन् "लाईट आली, तू झोप" असं तिला नीट बोलले.

ड्युटीवाली_ताई
त्या एका वाक्यानं काम झालं. साडेदहा धरले असते तर तुम्ही पोचलात तेव्हा नऊ तास उलटलेले होते. चार धरल्यावर साडेआठपर्यंत वेळ होता. म्हणून निघताना रात्री जवळ असलेल्या माणसालाच गाडीत घ्या. पण वेळ अंदाजानं पुढं ढकलू नका. उशिरा ते इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती वाढते. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. मोठ्या ठिकाणी एमआरआय बघून कधीकधी पुढचं ठरवता येतं.

दुसरी, 'रक्त पातळ करायची गोळी'. लोक इकोस्प्रिनलाही तेच म्हणतात अन् ॲसिट्रॉमलाही. इकोस्प्रिन चालू असली तर सहसा अडत नाही. ॲसिट्रॉमवाल्याचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, बघावा लागतो, तो १.७ च्या वर असला तर इंजेक्शन देत नाहीत. त्या जातीच्या नव्या गोळ्यांत शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारतात. म्हणून पट्टीच आणा, कापलेली असली तर नाव असलेला तुकडा जपून ठेवा. बंद झालेल्या गोळ्या वेगळ्या पुडीत ठेवा, नाहीतर चालूच आहेत असं समजतील.

तात्या_परळी
आमच्याकडं तोंड वाकडं झालं की लगेच इकोस्प्रिन चघळायला देतात. रक्त पातळ होतं, जीव वाचतो.

ड्युटीवाली_ताई
तात्या, छातीत दुखलं तर ते डॉक्टर सांगतात, तिथं तुमचं बरोबर. लकव्यात गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी केल्याशिवाय कळत नाही. रक्तस्रावात ती गोळी घात करेल. अन् गिळता येत नसेल तर पाणीही देऊ नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.

लातूरची_लेक
माझ्या सासूबाईंचं तोंड असंच वाकडं झालं होतं. साखर तपासली तर ४२! रात्री जेवल्या नव्हत्या, पण साखरेची गोळी घेतली होती. मी गडबडीत ते सांगितलंच नव्हतं.

ड्युटीवाली_ताई
म्हणूनच शेवटचं जेवण अन् साखरेची शेवटची गोळी कधी, तेही कागदावर येऊ द्या. साखर आम्ही बोटातून लगेच बघतो, पण गोळीचा असर तासन्‌तास राहतो, म्हणून वर आलेली साखर पुन्हा उतरू शकते.

केजकर_पोरगा
ताई, आता देव्हाऱ्याजवळ एक कागद लावलाय. वर गोळ्यांची नावं, पट्टीवरनं जशीच्या तशी उतरवलेली. खाली तीन रिकाम्या ओळी: शेवटचे नीट कधी बोलले, शेवटचं कधी जेवले, शेवटची गोळी कधी. कागदाच्या मागच्या बाजूला: पडणं, ऑपरेशन, जुना लकवा. एक अडतंय. तालुक्याच्या दवाखान्यात सीटी नाही. लक्षणं दिसली की तिथं थांबावं की थेट अंबाजोगाई गाठावी?

ड्युटीवाली_ताई
१०८ च्या डॉक्टरांना फोनवरच सांगा, "लकवा वाटतोय, चारला नीट होते, सीटीच्या ठिकाणी न्या." श्वास किंवा शुद्ध बिघडलेली असेल तर मात्र जवळचं आधी.

तात्या_परळी
पण रात्री तिथलं सीटी चालू असतं का, ते कसं कळायचं?

केजकर_पोरगा
तेच विचारतोय. कुणाला अनुभव असेल तर लिहा.